तपकिरी डायच्या खाली दडलेला नारिंगी

*‘माझे मूळ केस जवळजवळ काळे. पुढच्या बाजूला आणि कानशिलांजवळ आता बरेच पांढरे झालेत. तीन वर्षं दर चार आठवड्यांनी घरीच डार्क ब्राऊन, म्हणजे ४ नंबरची शेड, ६ टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये कालवून मुळांपासून टोकांपर्यंत लावते. केस खांद्यापर्यंत आहेत. कामामुळे रोज दोन-अडीच तास उन्हात जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच वरचे केस नारिंगी दिसायला लागतात. जांभळा शाम्पू वापरून पाहिला, काही फरक पडला नाही. कंपनी बदलू, एक नंबर गडद शेड घेऊ, की दर पंधरा दिवसांनी लावू?’*

तिन्हींपैकी काहीच करू नका, निदान एवढ्यात तरी. डाय कमी पडतोय, हे तुम्ही धरून चालला आहात, आणि मला शंका आहे ती नेमकी तिथेच. तो नारिंगी ऊन आणून लावत नाही. डब्यातल्या रंगात तो थोडासाच असतो. बराचसा तुमच्या स्वतःच्या केसात आधीपासून आहे. डाय लावताना आपण तो उघडा करतो आणि लगेच त्यावर तपकिरी पांघरूण घालतो. ऊन ते पांघरूण विरवतं.

हे कसं होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. परमनंट डायमधला अमोनिया, किंवा त्याच्या जागी घातलेला दुसरा अल्कली, केस फुगवतो आणि त्याच्यावरची खवल्यांसारखी आवरणं उचलतो. मग डेव्हलपरमधलं पेरॉक्साइड आत शिरून एकाच वेळी दोन कामं करतं. डायमधले बारीक, बिनरंगाचे रेणू जोडून त्यांचे मोठे रंगीत रेणू बनवणं हे पहिलं काम. ते आपल्याला हवंच असतं. दुसरं काम म्हणजे केसाला मूळ रंग देणाऱ्या मेलॅनिनचा काही भाग जाळून टाकणं. ६ टक्के पेरॉक्साइड मूळ रंग साधारण एक ते दोन पायऱ्यांनी हलका करतं. त्या दिवशी ते दिसत नाही, कारण वर ताजा तपकिरी रंग बसलेला असतो.

मेलॅनिन कमी झालं की केस नुसता फिका काळा न होता लालसर, आणखी कमी झाल्यावर नारिंगी आणि शेवटी पिवळा का होतो? औषधाची तपकिरी काचेची बाटली डोळ्यांपुढे आणा. जाड बुडाशी ती जवळजवळ काळी दिसते आणि पातळ कडेला प्रकाशात धरली की केशरी. काच तीच, फक्त जाडी कमी. निळा प्रकाश ती पातळ असतानाही बऱ्यापैकी शोषते, लाल-नारिंगी मात्र पार होऊ देते. मेलॅनिनचं असंच आहे. गडद तपकिरीच्या पायरीवर आतला उघडा पडणारा रंग तांबडा-तपकिरी असतो, त्याहून एक-दोन पायऱ्या हलकं झालं की सरळ नारिंगी.

आता ऊन. अतिनील किरण आणि डोळ्यांना दिसणारा तीव्र प्रकाश, दोन्ही डायचे रेणू मोडतात. तपकिरी शेड ही एकाच रंगाची नसते. निळसर, लालसर, पिवळसर अशा घटकांच्या मेळातून ती बनते, आणि वापरात बहुतेक वेळा थंड, निळसर भाग आधी विटतो. नारिंगीला दाबून ठेवणारा घटक तोच होता. त्याच वेळी ऊन उरलेलं मेलॅनिनही फिकं करतं, म्हणून कधीच न रंगवलेले काळे केसही उन्हात राहून तांबूस होतात. तिसरी गोष्ट, उन्हाने बाहेरची खवली झिजतात आणि पुढच्या प्रत्येक धुण्यात आतला रंग जास्त सुटतो. तुमच्या पांढऱ्या केसांत मात्र मेलॅनिन नाहीच. ते नारिंगी झाले असतील तर तो बाहेरून चढवलेल्या रंगाचाच उरलेला तांबूस भाग आहे. हा फरक पुढे कामाला येईल.

काही विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. केस धुऊन पूर्ण वाळवा आणि दिवसा खिडकीपाशी उभ्या राहा, पण थेट उन्हात नको. डोक्यावरची, भांगाजवळची एक बट आणि मानेवरची, आतल्या थरातली एक बट पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी धरा. थेट उन्हात पाहिला तर कुठलाही तपकिरी केस तांबूस चमकतो, कारण प्रकाश त्याच्या आरपार जातो. सावलीतल्या उजेडात दोन्ही बटा सारख्याच गडद दिसल्या तर तुमचा रंग फारसा विटलेलाच नाही, तो फक्त उन्हात तसा भासतो, आणि त्यावर पुन्हा पुन्हा डाय चढवून काहीही साधणार नाही. वरची बट नारिंगी आणि मानेवरची गडद असेल तर ऊनच कारण आहे. दोन्ही सारख्याच नारिंगी असतील तर उन्हापेक्षा पाणी, धुणं आणि डाय लावण्याची पद्धत तपासायला हवी.

दुसरी तपासणी बटेच्या लांबीवर करा. फक्त मुळांजवळचा पहिला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उजळ तांबूस आणि पुढे गडद असेल, तर तो उन्हाचा परिणाम नव्हे. टाळूच्या उबेने तिथे पेरॉक्साइड जास्त जोरात चालतं आणि मूळ रंग जास्त उचलला जातो. उलट मुळं ठीक आणि टोकांकडे रंग विटत गेलेला असेल, तर टोकांचे केस सच्छिद्र झाले आहेत. तुमच्या पत्रावरून मला हेच घडलं असावं असं वाटतं, आणि त्याचा हिशेब मांडता येतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचा केस तीस सेंटिमीटरचा धरला तर त्याचं टोक सुमारे दोन वर्षांचं आहे. दर चार आठवड्यांनी पूर्ण लांबीला डाय, म्हणजे त्या टोकाने अमोनिया आणि पेरॉक्साइड पंचविसेक वेळा सोसलं आहे. गरज होती ती एकदाच, मुळापाशी असताना. उरलेल्या प्रत्येक वेळी खवली थोडी आणखी उघडली आणि राहिलंसाहिलं मेलॅनिनही थोडं आणखी गेलं. अशा केसात रंग पटकन चढतो आणि पटकन उतरतो. म्हणूनच दर पंधरा दिवसांनी लावायचा तुमचा विचार मला सगळ्यात जास्त खटकला. त्याने नारिंगी दिसायचा दिवस आणखी अलीकडे येईल.

एक नंबर गडद घेण्याचंही तसंच. पहिले आठ-दहा दिवस छान दिसेल, पण खाली उघडा पडलेला रंग तोच राहील. शिवाय सच्छिद्र टोकं गडद रंग वाजवीपेक्षा जास्त पितात. मग टोकं काळीकुट्ट, मधला भाग तपकिरी आणि उन्हातला वरचा थर पुन्हा नारिंगी, असे पट्टे पडतात. साचलेला काळा डाय नव्या डायने हलका होत नाही. त्यासाठी रंग काढणारी रसायनं किंवा ब्लीच लागतं, आणि ब्लीचने तर नारिंगी पूर्णच उघडा पडेल. कंपनी बदलल्याने थोडाफार फरक पडू शकतो. पण नवा डबाही त्याच ६ टक्क्यांनी त्याच केसांवर पूर्ण लांबीला लावणार असाल, तर चक्र बदलत नाही.

बदलायचं ते हे. मुळं आणि लांबी ही यापुढे दोन वेगळी कामं माना. दर चार आठवड्यांनी फक्त नव्याने वाढलेल्या सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरला तुमचा नेहमीचा ४ नंबर ६ टक्क्यांत लावा. पांढरे केस नीट झाकायला एवढी ताकद लागते, ती कमी करून चालणार नाही. पांढरे जिथे जास्त आहेत तिथून, म्हणजे पुढून आणि कानशिलांपासून सुरुवात करा, डोक्याचा मागचा भाग शेवटी घ्या. केसांचे चार भाग करा, दोन बटांमधल्या रेघा अर्धा-अर्धा सेंटिमीटर अंतराने काढा आणि ब्रशच्या टोकाने लावा. आधी रंगवलेल्या भागावर मिश्रण ओघळू नये म्हणून तिथे आधीच कंडिशनरचा पातळ हात फिरवून ठेवा. वेळ डब्यावर लिहिलेली तीच पाळा. शेवटच्या पाच मिनिटांत सगळं टोकांपर्यंत विंचरून घ्यायची सवय अनेकांना असते, तुम्हालाही असेल. ती सोडा. त्या पाच मिनिटांतही पेरॉक्साइड आपलं काम करतच असतं.

लांबीला रंग हवाच असेल तेव्हा, म्हणजे दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी, डेमी-परमनंट प्रकारचा डाय घ्या. त्यात अमोनिया नसतो किंवा अगदी थोडा दुसरा अल्कली असतो, आणि त्याचा डेव्हलपर साधारण २ ते ३ टक्क्यांचा असतो. तो मूळ रंग जवळजवळ उचलत नाही, फक्त गेलेला रंग भरतो. शेडच्या आकड्यात बिंदूच्या आधीचा अंक गडदपणा सांगतो आणि बिंदूनंतरचा छटा. ४.० म्हणजे साधा गडद तपकिरी. ४.१ म्हणजे बहुतेक कंपन्यांत त्याचीच थंड, राखाडी छटा. मात्र छटांचे आकडे सगळीकडे सारखे नसतात, म्हणून कंपनीचा शेड कार्ड पाहून खात्री करा. नावात गोल्डन, कॉपर, चॉकलेट, महोगनी असलेल्या शेड तुमच्यासाठी नकोत. त्यांत ऊबदार रंग मुद्दाम घातलेला असतो आणि तो खालच्या नारिंगीत भरच घालतो.

तुमच्या लांबीसाठी मी ४.० दोन भाग आणि ४.१ एक भाग घेईन. उदाहरणार्थ २० ग्रॅम आणि १० ग्रॅम. डाय आणि डेव्हलपर एकास दोन असं प्रमाण डब्यावर दिलं असेल तर त्यात ६० मिलिलिटर डेव्हलपर. काहींचं प्रमाण एकास एक किंवा एकास दीड असतं, तिथे डब्याचंच ऐका. नुसता ४.१ मोह पाडतो, पण पांढरे आणि सच्छिद्र केस त्यात मळकट, कधी हिरवट दिसतात, म्हणून त्याचा एक भागच पुरे. मिश्रण आधी नारिंगी झालेल्या मधल्या भागाला लावा, टोकांना सगळ्यात शेवटी. दहाव्या मिनिटाला एक बट पुसून पाहा. ओले केस नेहमी गडद दिसतात हे ध्यानात ठेवून, हव्या रंगाच्या अगदी जवळ आल्यावर धुवा. डब्यावर दिलेल्या कमाल वेळेच्या पुढे जाऊ नका. पहिल्यांदा करताना मानेवरची आणि वरची अशा दोन बटांवर आदल्या दिवशी करून पाहिलंत तर वेळ किती लागतो ते कळेल. दोन्हींचा वेळ वेगळा येण्याचीच शक्यता जास्त आहे.

एक अट मात्र कधीच टाळू नका. डेमी-परमनंट डायमध्येही पीपीडी हे ॲलर्जी आणू शकणारं रसायन किंवा त्याच्या जवळचे रेणू असतात. तीन वर्षं त्रास झाला नाही म्हणून पुढे होणार नाही असं नसतं, ॲलर्जी मधूनच सुरू होऊ शकते. नव्या डायची चाचणी त्याच्या सूचनेप्रमाणे ४८ तास आधी घ्या. खाज, सूज किंवा पुरळ दिसलं तर तो डाय डोक्याला लावायचाच नाही.

जांभळ्या शाम्पूने फरक पडला नाही, कारण जांभळा पिवळ्याला मारतो. तो ब्लीच केलेल्या फिक्या केसांसाठी असतो. नारिंगीच्या समोरचा रंग निळा. तपकिरी केसांसाठीचे निळे शाम्पू वेगळे मिळतात. आठवड्यातून एकदा, फक्त नारिंगी भागाला, आधी तीन मिनिटं लावून पाहा. अपेक्षा मात्र माफक ठेवा. तो केसाच्या पृष्ठभागावर थोडा रंग ठेवतो, दोन-तीन धुण्यांत जातो, आणि इतक्या गडद केसांवर त्याचं काम सौम्यच दिसतं. एखादी बट नारिंगीच्या पुढे जाऊन पिवळट झाली असेल तर तिथे तो हिरवट झाक देईल. तिच्यापासून तो दूर ठेवा.

आता त्या दोन-अडीच तासांकडे वळू. इथे सगळ्यात जास्त उपयोग कापडाचा होतो. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल बांधलेला स्कार्फ किंवा रुंद कडांची टोपी अतिनील आणि दृश्य, दोन्ही प्रकाश अडवते. छत्री वरचं ऊन रोखते, पण आजूबाजूने विखुरलेला आणि जमिनीवरून परतलेला प्रकाश येतच राहतो. टोपीच्या बाहेर लोंबणारी टोकं आत घ्या किंवा अंबाडा घाला. ती आधीच सर्वांत थकलेली आहेत. भांग दर दोन-तीन आठवड्यांनी बोटभर सरकवा, म्हणजे त्याच त्या बटेवर रोज ऊन पडणार नाही. गाडीतून फिरत असाल तर समोरची काच बहुतेक अतिनील किरण अडवते, बाजूच्या साध्या काचांतून मात्र त्यांतले बरेच आत येतात. एकाच बाजूचे केस जास्त विटत असतील तर कारण तिथे शोधा.

अतिनील किरणांपासून संरक्षण असं लिहिलेले स्प्रे आणि सीरम थोडी मदत करतात, पण त्वचेवरच्या सनस्क्रीनसारखा विचार करू नका. डोक्यावर लाखाच्या घरात केस असतात. त्या सगळ्यांवर चहूबाजूंनी सारखा थर बसत नाही, आणि बसलेला घामाने व धुण्याने निघतो. टोपीच्या जोडीला म्हणून वापरा, टोपीऐवजी नको. तेलाचंही असंच. खोबरेल तेल धुण्याआधी लावलं तर केस पाणी कमी पितो आणि प्रथिनं कमी गमावतो. हा खरा फायदा आहे, पण ऊन अडवायला त्याच्यावर भिस्त ठेवू नका. आणि ओले केस उन्हात वाळवायचे नाहीत. ओला केस फुगलेला असतो, आणि ओलाव्यात रंग विटण्याची क्रिया जोर धरते. वाळवूनच बाहेर पडा. केस सरळ करण्याची इस्त्री वापरत असाल तर १८० अंशांच्या खाली ठेवा. जास्त उष्णतेनेही डाय तांबूस होतो.

धुण्याबद्दल फारसं नवं सांगण्यासारखं नाही. रंग काढण्यात शाम्पूइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, पाण्याचा हात असतो, म्हणून महागडा शाम्पू घेण्यापेक्षा धुणं कमी करणं जास्त फळतं. आठवड्यातून दोनदा, कोमट पाण्याने, आणि प्रत्येक वेळी कंडिशनर. कंडिशनर आम्लधर्मी असतो, त्याने उचललेली खवली खाली बसतात. क्लोरीनच्या तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून त्यावर कंडिशनर लावा आणि वर टोपी घाला. आधीच भरलेला केस तलावाचं पाणी कमी ओढतो.

अजून एक प्रश्न तुम्हाला विचारायला हवा. डाय सुरू करण्याआधी किंवा मधेअधे कधी मेंदी लावली होती का? मेंदीतला लॉसोन केसाच्या केराटिनला घट्ट धरून बसतो आणि त्याचा रंगच नारिंगी-तांबडा. वरचा तपकिरी डाय विटला की तो तसाच खाली दिसतो. तुमचे पांढरे केस बाकीच्यांपेक्षा जास्त नारिंगी होत असतील तर हा संशय धरायला हवा, कारण त्यांत उघडं पडायला मेलॅनिन नाही. अशा वेळी तो भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबणं आणि तोवर थंड छटेचा डेमी-परमनंट वापरणं एवढंच हातात असतं. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुडींत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापून तुटू शकतात. तशी पूड वापरली असेल तर कंगव्यातले गळलेले केस डायच्या मिश्रणात बुडवून आधी बाहेरच तपासा. मिश्रण तापलं, फेसाळलं किंवा केस लिबलिबीत झाले तर डोक्याला लावू नका.

पुढचे तीन महिने दर दोन आठवड्यांनी त्याच दोन बटांचा, त्याच खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर फोटो काढा. विटणं पूर्ण थांबणार नाही. उन्हात वावरणाऱ्या केसाचा डाय कधी ना कधी उतरतोच. पण मानेवरची आणि वरची बट यांच्यातला फरक कमी होत गेला तर स्कार्फ काम करतोय. मुळांकडून वाढलेला नवा भाग जुन्या भागापेक्षा जास्त दिवस गडद राहिला, तर लांबीला पेरॉक्साइड थांबवल्याचा तो परिणाम आहे. तो लांबीभर दिसायला मात्र वेळ लागेल, जुनी टोकं सुधारत नाहीत, ती हळूहळू कापतच न्यावी लागतात. आणि झाकलेली मानेवरची बटही वरच्याइतक्याच वेगाने नारिंगी होत राहिली, तर पाण्याकडे बघा. बेसिनच्या जाळीभोवती किंवा नळाखाली निळसर-हिरवे डाग असतील तर पाण्यात तांबं आहे. ते केसात साचतं आणि डायमधल्या पेरॉक्साइडशी किंवा उन्हाशी गाठ पडली की केसाची मोडतोड वाढवतं. त्यासाठी धातू धरून बाहेर काढणारा, किलेटिंग लिहिलेला शाम्पू घ्या. नेहमीच्या शाम्पूच्या घटकांच्या यादीतही ईडीटीए हा धातू धरणारा घटक दिसेल, पण तो सहसा शाम्पू टिकवण्यापुरता थोडासा असतो. किलेटिंग शाम्पू महिन्यातून एकदा, मुळांना डाय लावायच्या एक-दोन दिवस आधी वापरा, आणि त्यानंतर भरपूर कंडिशनर लावा, कारण तो केस कोरडे करतो.